मास्तर बसले की खोकं पास

कारखान्यात नव्या खोक्याची परीक्षा घेणारं एकच यंत्र होतं, आणि ते दुपारी एक वाजता डबा खायचं.

दुसऱ्या कारखान्यांत म्हणे पोलादी यंत्रं असतात. वरून दाब देतात, काचेमागे आकडे फिरतात, शेवटी कागद बाहेर येतो. इथे मास्तर होते. नमुन्याचं खोकं घडवायचं, रिकामंच पट्टी लावून बंद करायचं, जमिनीवर ठेवायचं, वर एक रंधा मारलेली फळी टाकायची आणि मास्तरांनी तिच्यावर बसायचं, दोन्ही पाय उचलून. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं होईपर्यंत खोकं उभं राहिलं तर पास. बसलं तर मास्तर शांतपणे उठायचे, पॅन्ट झटकायचे आणि कागद बदलायला सांगायचे. आताच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी एकदा यंत्र आणायचा विचार केला होता. मग त्यांनी मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचार सोडून दिला.

एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. पास झालेल्या प्रत्येक खोक्याच्या तळावर एक गोल शिक्का छापला जायचा. त्यात कारखान्याचं नाव, कागदाचे थर आणि खाली बारीक अक्षरात ‘नमुना ७’. सात म्हणजे मास्तर. एक ते सहा केव्हाच निवृत्त झाले होते, आणि आठवा नेमायची गरज आहे असं मास्तरांनी कोणाला वाटू दिलं नव्हतं. सात नंबरचं खोकं आजवर चेपून परत आलं नव्हतं. ही गोष्ट मास्तर स्वतःहून कधी सांगायचे नाहीत. फक्त असा विषय काढायचे की समोरच्याला विचारावंच लागायचं.

कोणाच्या घरी गेले की यजमानांच्या आधी कोपऱ्यातल्या खोक्यांची विचारपूस व्हायची. रिकामं खोकं उचलून उलटं करायचे, तळ वाचायचे, नखाने कड दाबायचे आणि “हं” म्हणायचे. त्या हुंकारात निर्माणकर्त्याच्या सात पिढ्यांची लायकी निघायची. बायको म्हणायची, “यांना बाळ बघायला नेलं, तर हे पाळणा ज्या खोक्यातून आला ते बघत बसले.” ते खरंच होतं. खोकं वाईटच होतं, असं मास्तरांचं आजही मत आहे.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातली साखर बघून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. वजन उतरवा म्हणाले. मास्तरांच्या मते डॉक्टर नवशिका होता, पण बायकोने ते काम अंगावर घेतलं. जेवण निम्मं झालं, गोड बंद, रोज सकाळी पाऊण तास चालणं. दर रविवारी काट्यावर उभं करायचं आणि आकडा फ्रिजवर चिकटवायचा. मास्तर उतरत गेले. गालांची हाडं दिसायला लागली, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला, पट्ट्याला कारखान्यातल्याच पंचाने चार नवी भोकं पडली. सगळ्यांनी कौतुक केलं. मालकीणबाई तर म्हणाल्या, “मास्तर, दहा वर्षांनी तरुण झालात.” मास्तर त्यावर आठवडाभर खूश होते.

अशा दिवसांत एका सकाळी, मास्तर पंचाने पट्ट्याला चौथं भोक पाडत असताना, भाचा आला. एकटा आला असता तर ही गोष्टच घडली नसती.

मास्तरांची थोरली बहीण मधमाश्या पाळायची. मध काढायची, गाळायची, काचेच्या बरण्यांत भरायची. नोकरी सोडून भाचा तो मध ऑनलाइन विकत होता. मध चांगला होता, गिऱ्हाईकही होतं. घोडं अडलं होतं ते वाटेत. बाजारातून आणलेल्या तयार खोक्यांतून दोनदा बरण्या फुटल्या आणि मध शेजारच्या पार्सलांवर गेला. कुरिअरच्या गोदामातल्या मुख्य बाईंनी लेखी कळवलं होतं की तिसऱ्यांदा गळती झाली तर या विक्रेत्याचा माल उचलणं बंद. बहिणीच्या आडगावातून माल उचलणारं दुसरं कुरिअर नव्हतं. म्हणजे नवं खोकं टिकलं तर धंदा, नाहीतर बरण्या घरातच खात बसायच्या.

भाच्याबरोबर एक सल्लागार होता. पांढरे बूट, बारीक दाढी, हातात टॅब्लेट. तो ब्रँड घडवून द्यायचा. दर दुसऱ्या वाक्यात ‘ग्राहकाचा अनुभव’ म्हणायचा. चहा येईपर्यंत कारखान्यातल्या बायकांनी त्याचं नाव ‘अनुभवराव’ ठेवून टाकलं होतं, आणि चहा संपेपर्यंत मालकीणबाईही तेच म्हणायला लागल्या होत्या, अर्थात तो गेल्यावर.

“खोकं म्हणजे खोकं नाही,” अनुभवराव म्हणाला. “ती ब्रँडची पहिली मिठी आहे.”

मास्तरांनी नमुन्याच्या टेबलावरची सुरी उचलून पुन्हा ठेवली.

पहिले दोन तास मास्तर जिंकत होते. अनुभवरावला खोकं बाहेरून काळं आणि गुळगुळीत, वर चकचकीत थर दिलेलं हवं होतं. मास्तरांनी तसा एक तुकडा काढला, त्यावर पट्टी चिकटवली आणि दोन बोटांनी सोलून त्याच्या हातात दिली. चकचकीत थरावर पट्टी धरत नाही. मग त्यांनी साध्या तपकिरी पुठ्ठ्यावर ओल्या डिंकाची कागदी पट्टी लावली, दाबली, वाळू दिली आणि ओढायला सांगितली. अनुभवरावने ओढली, तर पट्टीबरोबर पुठ्ठ्याची सालही निघाली.

“कोणी मधेच उघडलं तर लपवता येणार नाही,” मास्तर म्हणाले. “हिच्यावर तुमची ती चित्रातली मधमाशी छापा, हवी तेवढी. वरच्या आणि खालच्या फटीवर एकेक लांब पट्टी, आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडव्या.”

स्टिकरवरूनही झालं. अनुभवरावने काढलेलं सहा बोटं रुंदीचं गोल स्टिकर, ‘मला हळूच उघड’, बरोबर खोक्याच्या वरच्या बाजूच्या मध्यावर होतं. तिथेच कुरिअरचा पत्ता आणि बारकोड लागतो. मास्तरांनी विचारलं, “मग पत्ता कुठे लावायचा, तुमच्या कपाळावर?” स्टिकर बाजूला गेलं. ‘नाजूक, सांभाळा’ असं लाल स्टिकर मास्तरांनी सरळ नाकारलं. त्यांच्या मते रोज दहा हजार पार्सलं फेकणारा माणूस ते वाचतो आणि जरा जास्त जोरात फेकतो. आत प्रत्येक बरणीला पुठ्ठ्याचा वेगळा खण आणि चारी बाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवून ती कागदाने घट्ट भरायची, हेही ठरलं. बरण्या भरलेलं खोकं मास्तरांनी कमरेच्या उंचीवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर पाडलं. दहा वेळा. एकही बरणी फुटली नाही. भाचा हसला. मास्तरांना वाटलं, दिवस चांगला आहे.

मग छापलेला नमुना आला आणि अनुभवरावने तो डोळ्यांजवळ धरला.

पुठ्ठ्याच्या दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो. त्याच्या वळ्या खोक्याच्या भिंतीत उभ्या असतात आणि वरचं ओझं त्याच पेलतात, खांबांसारख्या. बाहेरून मोठा रंगीत ठसा छापला की या उभ्या वळ्यांच्या पुसट रेघा त्या रंगात दिसतात. भल्यामोठ्या पिवळ्या मधमाशीवर त्या दिसत होत्या.

“माझी माशी गजाआड आहे,” अनुभवराव म्हणाला.

“माशीला काय फरक पडतो?” मास्तरांनी विचारलं.

“ग्राहकाला पडतो. उभ्या रेघा म्हणजे तुरुंग. त्याच आडव्या करा. आडवी रेघ म्हणजे क्षितिज. शांतता. अनुभव पूर्ण बदलतो.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली. आडव्या वळ्या म्हणजे खांब आडवे निजवून त्यांच्यावर घर बांधायचं. त्यांनी ते तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तिसऱ्या वेळी शब्द फारसे चांगले नव्हते. भाचा मधे पडला.

“मामा, तू जरा ऐक तरी. चित्रात ते खरंच छान दिसतंय. कुठलं खोकं बसतं, कुठलं उभं राहतं, हे तुझंच ज्ञान आहे, मान्य. पण लोक आधी बघतात.”

“लोक बघतील कधी? गोदामात चिखल झाल्यावर?”

दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि जी तोड काढली ती त्यांच्या सासऱ्यांनीही काढली असती. आडव्या वळ्यांचा एक नमुना करा. मास्तर बसतील. खोकं बसलं तर विषय बंद, उभं राहिलं तर अनुभवरावांचं खरं.

मास्तरांना हेच हवं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी कधी खोकं चेपावं म्हणून बसण्याची वाट पाहिली नव्हती. आज पाहत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठा आडवा फिरवून नमुना कापला, घड्या पाडल्या, पट्टी लावली, काहीही खोट ठेवली नाही. सगळा कारखाना नमुन्याच्या खोलीच्या दारात जमला. मास्तरांनी फळी टाकली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, बसले आणि पाय उचलले.

खोकं कुरकुरलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं.

एक मिनिट झालं. खोकं उभं होतं. दोन झाली. समाधान जिथपर्यंत पोचलं होतं तिथेच थांबलं. तिसरं मिनिट मास्तरांच्या नोकरीतलं सगळ्यात लांब होतं. घड्याळाचा काटा बारावर आला तेव्हा दारातल्या बायकांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, “मास्तर बसले.” कारखान्यात याचा अर्थ एकच होता.

अनुभवराव मोठ्या मनाने म्हणाला, “अनुभवी माणसालाही कधी कधी सरप्राइज मिळतं.”

मास्तर उठले. खोकं उलटसुलट करून पाहिलं. कुठे फसवणूक नव्हती, कारण करणारे ते स्वतःच होते. आपल्या डोक्यात काहीतरी जुनं झालं, कागद सुधारला, काळ सुधारला, असं काहीबाही त्यांनी मनाशी म्हटलं. शिक्का मारायला हात जड झाला. पण बसल्यावर जे उभं राहिलं त्यावर शिक्का मारायचा, हा नियम त्यांनीच एकतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवला होता. त्यांनी सात नंबर मारला.

खोकी तयार झाली. सुंदर होती, हे मास्तरांनाही नाकारता येईना. माशी क्षितिजावर निवांत उडत होती. अनुभवरावने तिचे फोटो काढून जगाला दाखवले आणि जगाने अंगठे दाखवले. बहिणीने घरी बरण्या भरल्या, भाच्याने पट्ट्या ओल्या करून लावल्या, आणि पहिली तीनशे पार्सलं एकदम निघाली.

नवव्या दिवशी गोदामातून फोन आला. मालकीणबाईंनी मास्तरांना गाडीत घातलं. गोदामाच्या दारात भाचा आणि अनुभवराव आधीच उभे होते. 

आत वासावरूनच कळलं. चार दिवस रस्ता बंद म्हणून माल पुढे गेला नव्हता. पार्सलं थरावर थर रचून एका कोपऱ्यात ठेवलेली होती, वर दुसऱ्यांची जड खोकी, बाजूच्या उघड्या दारातून दमट हवा. खालचे दोन थर हळूहळू बसत गेले होते. पडून नाही, आपटून नाही. नुसतं ओझं वाहून वाहून भिंती आडव्या वळ्यांवर दुमडल्या होत्या, आणि झाकणं बरण्यांवर टेकली होती. खालच्या थरात पंधरा-वीस बरण्या फुटल्या होत्या. मध कोणाच्या तरी बुटांत, कोणाच्या तरी पुस्तकांवर आणि एका लहान मुलाच्या गादीत गेला होता. आठ-दहा मुंग्या आधीच अनुभव घेत होत्या.

गोदामाच्या मुख्य बाई जेवढ्या हळू आवाजात बोलल्या तेवढी त्यांची भीती वाटली. “तिसरी वेळ,” त्या म्हणाल्या. “मी लिहून दिलं होतं.”

मग खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं. फार शोधावं लागलं नाही. मालकीणबाई अनुभवरावकडे वळल्या आणि ‘क्षितिज’ हा शब्द असा उच्चारला की त्याने टॅब्लेट छातीशी धरला. भाचा म्हणाला, “मामा सांगत होता. जीव तोडून सांगत होता. मीच ऐकलं नाही.”  अनुभवराव पुटपुटला, “पण मास्तर बसले होते,” आणि मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

मास्तरांना काय वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना बरं वाटलं. समोर बहिणीचा मध वाहत होता, भाचा रडकुंडीला आला होता, आणि मास्तरांच्या आत एक जुनं, लठ्ठ समाधान पाय पसरून बसत होतं. आपण म्हणालो होतो. त्यांनी चेहरा दुःखी ठेवला आणि हात मागे बांधून एक पाऊल बाजूला सरकले, इतरांना नीट भांडता यावं म्हणून.

“काका, काट्यावरून उतरा,” कोणीतरी मागून म्हणालं. “माल तोलायचाय.”

जमिनीला समतल बसवलेला काटा होता तो, पार्सलांच्या ढिगांसाठीचा. भिंतीवर लाल आकडे पेटले होते. मास्तरांनी सहज वर पाहिलं. एकसष्ट पूर्णांक चार.

आकडा ओळखीचा होता. रविवारपासून फ्रिजवर होता. पण फ्रिज घरी होता. घरी मास्तर एकसष्ट होते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कारखान्यात मात्र ते त्या नमुन्याच्या दिवशीही ब्याऐंशीच होते, कारण कारखान्यात आपण किती आहोत हे त्यांना कधी बघावंच लागलं नव्हतं. ब्याऐंशी किलोंनी ते खोकं पहिल्या मिनिटात बसलं असतं. ज्या माणसाच्या वजनावर सगळं उभं होतं, तो माणूस आठ महिन्यांत एकवीस किलोंनी गेला होता. आणि त्यात तो तरुण दिसतो म्हणून खूश होता.

ते काट्यावरून उतरले नाहीत. आकडा दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. पार्सलवाला वाट बघत होता. दोन पावलं टाकली असती तर लाल आकडे शून्यावर आले असते, अनुभवराव पांढऱ्या बुटांसह बुडाला असता आणि सात नंबर स्वच्छ राहिला असता. मास्तरांनी तेवढा हिशेब केला. तोही खरा सांगायला हवा.

“बाई,” ते मुख्य बाईंना म्हणाले, “तो आकडा वाचता का?”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. पहिल्यांदा मालकीणबाईंना कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“आडव्या वळ्या यांची चूक,” मास्तर म्हणाले. “पण ते खोकं पास मी केलंय. माझ्या वजनावर सगळ्यांचा विश्वास होता आणि मी ते घरी उतरवून आलो होतो. तळाला नंबर बघा. सात आहे.”

 भाच्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघायचं मास्तरांनी टाळलं नाही. “मामा,” तो एवढंच म्हणाला, “तू पंचाने पट्ट्याला भोक पाडत होतास तेव्हा मी तिथेच उभा होतो.” अनुभवराव पहिल्यांदाच शब्दाविना उभा होता, आणि गप्प असताना बरा माणूस वाटत होता.

मुख्य बाईंनी दुसऱ्यांच्या नुकसानीची यादी भाच्याच्या हातात दिली आणि माल उचलणं बंद केलं. पण निघताना मास्तरांना थांबवलं. “इतकी वर्षं या जागेवर आहे,” त्या म्हणाल्या. “फुटलेल्या मालाजवळ उभं राहून मी केलं म्हणणारा अजून आला नव्हता. नवी खोकी आणा. आठ दिवस याच कोपऱ्यात, याच ओझ्याखाली ठेवीन. बसली तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आठ महिन्यांतले सगळे नमुने बाहेर काढले. मधाचा सोडून तीनच निघाले, तेही चपलांचे. मग त्यांनी डिंक करायच्या स्टार्चचं पोतं ओढत आणलं, त्यातून एकवीस किलो वेगळं तोललं, त्याचं तोंड शिवलं आणि ते मांडीवर घेऊन एकेका खोक्यावर बसले. पोतं मांडीवर घेऊन, पाय उचलून, गंभीर चेहऱ्याने बसलेले मास्तर बघून दारातल्या बायका इतक्या हसल्या की एकीला पाणी द्यावं लागलं. मास्तरांनी तीन मिनिटं संपेपर्यंत घड्याळावरून नजर काढली नाही. चपलांचं एक खोकं बसलं. त्यांनी स्वतः त्या गिऱ्हाइकाला फोन केला.

बायकोला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती सरळ म्हणाली, “खोक्यांसाठी पुन्हा जाड होणार असाल तर मालकीणबाईंकडे जेवायला जा.”

मधाचं नवं खोकं उभ्या वळ्यांचं झालं. पोत्यासकट ते तीन मिनिटं हूं की चूं न करता उभं राहिलं, आणि गोदामाच्या कोपऱ्यात आठ दिवस. नवव्या दिवशी माल उचलायला गाडी आली. अनुभवरावने या सगळ्या प्रकरणावर ‘अपयशाचा अनुभव’ नावाचं भाषण तयार केलं असं ऐकतो. त्यात मास्तर आहेत, आणि पांढरे बूट नाहीत.

माशी मात्र पुन्हा गजाआड गेली. भाच्याला ते थोडं लागलं. त्याने पहिलं खोकं आईसमोर धरलं आणि विचारलं, कशी दिसते. बहिणीने चष्मा लावून पाहिलं. “आतच राहू दे तिला,” ती म्हणाली. “बाहेर आली की काय होतं ते मी परत आलेल्या बरण्यांवरून पुसलंय.”

तळाच्या शिक्क्यात आता सातच्या खाली अजून एक ओळ असते, मास्तरांनीच घालायला लावलेली: ‘भार ८२, तोलून’. दर नमुन्याआधी मालकीणबाई दोघांना काट्यावर उभं करतात, आधी मास्तरांना आणि मग पोत्याला. बायकोने मास्तरांचे अजून दोन किलो उतरवलेत, म्हणून परवा पोत्यात तेवढी भर घातली.